'आणि' की 'किंवा'?

मंडळी, या वीकांताला जरा गणित. थांबा, लगेच दुसरी विंडो उघडू नका. डेरिव्हेटिव्ह नाही, इंटिग्रेशन नाही, कुठलंही मोठं प्रकरण नाही. अकरावीत दोन उभ्या दांड्यांमध्ये x कोंबलेला असायचा ना, तेवढीच गोष्ट. मराठी पाठ्यपुस्तकात तिला 'केवलमूल्य' म्हणतात, क्लासमध्ये आणि हॉस्टेलवर सगळे 'मॉड' म्हणायचे. मीपण मॉडच म्हणणार आहे. या दांड्या १८४१ मध्ये कार्ल वायरस्ट्रास नावाच्या जर्मन गणितज्ञाने आणल्या, तेव्हापासून पोरं त्यांच्यात अडकतायत.

मॉडवाल्या इनइक्वॅलिटीसाठी आमच्या पिढीला एक मंत्र दिलेला होता. "लेस दॅन असेल तर अँड, ग्रेटर दॅन असेल तर ऑर." बस्स. |x| < 3 दिसलं की -3 < x < 3 लिहायचं, |x| > 3 दिसलं की x < -3 ऑर x > 3 लिहायचं आणि पुढच्या गणिताकडे जायचं. का, ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. परीक्षेत मार्क पडत होते, मग कशाला विचारा!

मंत्र खरा आहे. अडचण एवढीच की हा 'आणि' आणि तो 'किंवा' आपण रोजच्या बोलण्यात ज्या अर्थाने वापरतो, त्याच अर्थाने गणितात वापरत नाही. त्यातून काय काय होऊ शकतं ते मी गेल्या वर्षी अगदी जवळून पाहिलंय, पण ते सांगण्याआधी मॉड म्हणजे नेमकं काय ते पाहून घेऊ.

मॉड म्हणजे अंतर. एवढंच. "मायनस असेल तर काढून टाका" ही व्याख्या नाही, तो त्याचा परिणाम आहे. एक्सप्रेसवेवर जाताना ४० नंबरचा दगड आणि ४६ नंबरचा दगड यांच्यात सहा किलोमीटर असतात. मुंबईहून पुण्याला जाताना सहा आणि येताना उणे सहा, असं कोणी म्हणत नाही. |x - 5| म्हणजे संख्यारेषेवर x हा पाचापासून किती लांब आहे ते. डावीकडे की उजवीकडे, त्याच्याशी दांड्यांना देणंघेणं नाही. आणि |x + 2| दिसलं तर ते |x - (-2)| असं वाचायचं, म्हणजे उणे दोनपासूनचं अंतर. इथे बरेच जण अधिक दोनपाशी जाऊन उभे राहतात.

(ऋण संख्या रेषेवर दाखवायची कल्पनासुद्धा चालण्यातूनच आली, बरं का. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाच्या १६८५ सालच्या बीजगणिताच्या पुस्तकात एक माणूस आहे. तो पाच वार पुढे जातो आणि मग आठ वार मागे येतो. तर तो निघाला तिथून किती पुढे आहे? 'शून्यापेक्षा तीन वार कमी'. मला हा माणूस फार आवडतो.)

आता एकदा अंतर म्हटलं की इनइक्वॅलिटी सोडवायची राहतच नाही, ती वाचायची असते. |x - 5| ≤ 3 म्हणजे पाचापासून तीन किंवा त्याहून कमी अंतरावर असलेले सगळे. पाचावर खुंटी ठोका, तीन लांबीची दोरी बांधा. दोरी डावीकडे दोनपर्यंत पोचते, उजवीकडे आठपर्यंत. या पट्ट्यातले सगळे आपले.

```
<-------●===========+===========●------->
        2           5           8
```

टोकांवरचे गोल भरीव आहेत, कारण चिन्हात 'बरोबर' पण आहे, म्हणजे नेमके २ आणि नेमके ८ चालतात. नुसतं < असतं तर गोल पोकळ काढले असते. आणि |x - 5| > 3 म्हणजे दोरी पोचत नाही तिथले सगळे:

```
<=======○-----------+-----------○=======>
        2           5           8
```

x च्या मागे आकडा चिकटलेला असला तर आधी तो बाहेर काढायचा. समजा |3 - 2x| ≥ 5 आहे. अंतर कुठूनही मोजलं तरी तेच, म्हणून हे |2x - 3| ≥ 5. दोन बाहेर काढला की 2·|x - 1.5| ≥ 5, म्हणजेच |x - 1.5| ≥ 2.5. खुंटी दीडवर, दोरी अडीचची, टोकं -1 आणि 4. आपल्याला हवे ते बाहेरचे, म्हणून x ≤ -1 किंवा x ≥ 4, दोन्ही गोल भरीव. मूळ गणितात -1 घालून बघा, 3 + 2 = 5 येतं. 4 घाला, 3 - 8 म्हणजे -5, त्याचा मॉड 5. टोकं बरोबर बसली. केस वन, केस टू, मायनसने भागलं की चिन्ह उलटं फिरवा, त्यात एकदा विसरा, असलं काही नाही.

तर आता 'आणि'.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक छोटं काम होतं. लशी ठेवायच्या फ्रीजमध्ये एक सेन्सर बसवायचा आणि तापमान बिघडलं की अलार्म वाजवायचा. बऱ्याच लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. यात गंमत अशी की बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. लस तापली की बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिपॅटायटिस बी सारखी लस गोठली तरी कामातून जाते, आणि नंतर वितळवून ती पुन्हा चांगली होत नाही. म्हणजे "थंड आहे ना, मग झालं" हे इथे चालत नाही. खालचं टोक वरच्या टोकाइतकंच महत्त्वाचं.

क्लायंटच्या मेलमध्ये साधारण असं वाक्य होतं: दोनपेक्षा कमी आणि आठपेक्षा जास्त तापमानाला अलार्म वाजला पाहिजे. वाचा परत. काही खटकतंय? मला तर नाही खटकलं. अगदी सरळ वाक्य आहे. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने ते वाचलं आणि जसंच्या तसं लिहून टाकलं:

```
if (t < 2.0 && t > 8.0)
    alarm();
```

रिव्ह्यू माझ्याकडे आला. मी विचारलं, टेस्ट केलंस का? "हो ना. ४ घातले, ५ घातले, साडेसहा घातले. कुठेच चुकीचा वाजला नाही." म्हटलं, अकरा घाल. नाही वाजला. उणे चार घाल. नाही वाजला. हा अलार्म कधीच वाजणार नव्हता. दोनपेक्षा कमी आणि त्याच वेळी आठपेक्षा जास्त असं तापमान या जगात नाही. लशी गोठून दगड झाल्या असत्या आणि स्क्रीनवर हिरवा दिवा दिसत राहिला असता.

पोरगं हुशार होतं. त्याचं म्हणणं, "पण मेलमध्ये 'आणि' आहे!" आणि तो बरोबर बोलत होता. मेलमध्ये 'आणि'च होता. मग घोळ कुठे?

घोळ असा की बोलताना आपला 'आणि' दोन तुकडे एकत्र करतो. "लहान मुलं आणि म्हातारी माणसं पुढे या" म्हटल्यावर कोणी एकाच वेळी लहान आणि म्हातारं असलेल्या माणसाची वाट बघत नाही. दोन्ही गट पुढे येतात. तसंच, दोनच्या खालचा तुकडा आणि आठच्या वरचा तुकडा, दोन्हीकडे वाजव, असं क्लायंटला म्हणायचं होतं. पण कोडमधला आणि गणितातला 'आणि' तुकडे जोडत नाही. तो एकाच आकड्याला पकडून दोन प्रश्न विचारतो: तू दोनपेक्षा कमी आहेस का? आणि तूच आठपेक्षा जास्तही आहेस का? दोन्हीला हो म्हणणाराच आत. त्यामुळे तुकड्यांच्या भाषेत जो 'आणि' असतो, तो आकड्याच्या भाषेत 'किंवा' होतो. शब्द फिरतो, रेषेवरचं चित्र तेच राहतं.

म्हणून मला शब्दांपेक्षा रेषेवर जास्त भरवसा. रेषेवर दोन अटी दोन रंगांनी रंगवा. गणितातला 'आणि' म्हणजे जिथे दोन्ही रंग चढलेत तेवढाच भाग. 'किंवा' म्हणजे जिथे निदान एक तरी रंग आहे तो सगळा भाग. t < 2 डावीकडे रंगवलं, t > 8 उजवीकडे रंगवलं, तर दोन्ही रंग चढलेली जागा कुठेच नाही. कोरी रेषा. हे पाच सेकंदात दिसतं, आणि कोड दहा वेळा वाचून दिसत नाही.

त्याच्या टेस्टमधली मेखही रेषेवरच दिसते. २ आणि ८ ही टोकं रेषेचे तीन तुकडे करतात. त्याने तिन्ही आकडे मधल्याच तुकड्यातले घेतले होते. तीन तुकडे असतील तर प्रत्येकातला निदान एक आकडा हवा, शिवाय दोन्ही टोकं वेगळी. तुकड्याच्या आत उत्तर बदलत नाही, कारण बदल फक्त टोकावर होतो. म्हणून मधले तीन आकडे घेणं म्हणजे एकच आकडा तीनदा घेणं. १, ५, १० आणि नेमके २, नेमके ८, एवढ्या पाच आकड्यांत हे प्रकरण पूर्ण तपासून होतं.

असो. मग त्याने दुरुस्त केलं. म्हणाला, "आतला पट्टा लिहितो आणि उलटा करतो."

```
if (!(2.0 <= t <= 8.0))
    alarm();
```

वहीत हे अगदी बरोबर आहे. तुलनांची अशी साखळी पायथनमध्येही बरोबर आहे, आणि हा पायथनवालाच होता. पण आमचं कोड सी मध्ये होतं. सी आधी 2.0 <= t एवढंच बघतं, त्याचं उत्तर 0 किंवा 1 येतं, आणि मग तो 0 किंवा 1 आठपेक्षा लहान आहे का असं विचारतं. असतोच की! म्हणजे आतली अट कायम खरी, उलटी केल्यावर कायम खोटी, अलार्म पुन्हा मुका. पाच आकड्यांच्या टेस्टने हे लगेच पकडलं, ही त्यातली चांगली बाजू.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, अरे सरळ अंतर लिही ना. खुंटी पाचावर, दोरी तीनची. त्याने `abs(t - 5.0) > 3.0` लिहिलं. आता हसू नका. सी मधलं `abs` पूर्णांकांसाठी आहे, दशांश दिला की ते आधी शेपूट कापतं. १.४ अंशाला फरक -3.6, शेपूट कापून -3, मॉड 3, आणि 3 > 3 खोटं. अलार्म आता वाजत होता खरा, पण १ आणि त्याखाली, नाहीतर ९ आणि त्यावर. दोन्ही टोकं एकेक अंशाने बाहेर सरकली होती. आणि १ आणि १० या आकड्यांना तो वाजतच होता, म्हणून टेस्टही पास झाली! शेवटी १.९ आणि ८.१ असे टोकाला खेटून असलेले आकडे घातले तेव्हा सापडलं. `fabs` केलं, संपलं. (तेव्हापासून टोकाला खेटलेले आकडे मी टेस्टच्या यादीत कायमचे टाकलेत.)

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मग सेन्सरचं माहितीपत्रक उघडलं, त्यात लिहिलेलं अचूकता ±0.5 अंश. म्हणजे काय? खरं तापमान T आणि दिसणारा आकडा r यांच्यातलं अंतर अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही, |T - r| ≤ 0.5. परत मॉडच! आपल्याला हवंय |T - 5| ≤ 3, पण हातात आहे फक्त r.

विचार असा करा. तुम्ही पाचाच्या खुंटीपासून अडीचच्या आत उभे आहात, आणि तुमचा मित्र तुमच्यापासून अर्ध्याच्या आत आहे. तो खुंटीपासून जास्तीत जास्त किती लांब असेल? तीन. तो तुमच्या पलीकडे उभा असला तरीही. म्हणून |r - 5| ≤ 2.5 असेल, म्हणजे स्क्रीनवर अडीच ते साडेसात दिसत असेल, तर खरं तापमान नक्की हद्दीत आहे. उलट |r - 5| > 3.5 असेल, म्हणजे दीडच्या खाली किंवा साडेआठच्या वर, तर ते नक्की हद्दीबाहेर. आणि मधले दोन पट्टे राहतात, दीड ते अडीच आणि साडेसात ते साडेआठ, जिथे सेन्सर काहीही छातीठोक सांगू शकत नाही.

```
<===|-----|---------------|-----|===>
   1.5   2.5             7.5   8.5
 बाहेर   ?       आत        ?   बाहेर
```

नेमके आठावर तुलना करणारा प्रोग्राम या प्रश्नचिन्हाच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर उभा असतो. तिथे दिसणारा ७.९ खरा ८.४ असू शकतो. आम्ही अलार्म अडीच आणि साडेसातला लावायचा ठरवलं. त्याची किंमत आहे, विनाकारण वाजण्याचं प्रमाण वाढतं, आणि सारखा बोंबलणारा अलार्म लोक सरळ बंद करून टाकतात, हे मी इतरत्र पाहिलंय. म्हणून दार उघडल्यावर काही मिनिटं थांबायची सोयही ठेवली. माझं मत विचाराल तर दोन चुकांमध्ये फुकट मारलेली एक चक्कर परवडते, गोठलेली पेटी नाही.

आता यातला वहीतला भाग. ठाण्याला माझी भाची अकरावीत आहे. तिला ही सगळी कहाणी सांगितली तर म्हणाली, "मामा, तुझं बरंय, तुझ्या उजवीकडे नुसता तीन आहे. आमच्याकडे उजवीकडेपण x असतो." आणि तिने हे पाठवलं: |x - 4| < 2x + 1.

तिने दोन्ही बाजूंचे वर्ग केले होते. क्लासमध्ये शॉर्टकट शिकवलाय, वर्ग केला की मॉड जातो. जातो खरा. x² - 8x + 16 < 4x² + 4x + 1, आवरून घेतलं की x² + 4x - 5 > 0, म्हणजे (x + 5)(x - 1) > 0. उत्तर, x < -5 किंवा x > 1. आणि पुस्तकामागचं उत्तर नुसतं x > 1. "छपाईची चूक असेल," असं तिचं मत.

छपाईची चूक नव्हती. म्हटलं, -5 आणि 1 ने रेषेचे तीन तुकडे केलेत ना, प्रत्येकातला एक आकडा मूळ गणितात घाल. वर्ग केलेल्यात नको, मूळ गणितात. -6 घातला तर डावीकडे |-10| म्हणजे 10, उजवीकडे -11. दहा हा उणे अकरापेक्षा लहान? खोटं. 0 घातला तर 4 < 1, खोटं. 2 घातला तर 2 < 5, खरं. म्हणजे एकच तुकडा खरा निघाला.

"मग -5 आला कुठून?"

हा प्रश्न मला आवडला, कारण बहुतेक जण इथे 'बरं, चेक करायचं असतं' एवढं म्हणून पुढे जातात. अंतर ऋण असू शकत नाही. उजवी बाजू ऋण असेल तिथे मूळ अट आपोआप खोटी, दोरीची लांबी उणे अकरा असू शकत नाही. पण वर्ग केला की -11 आणि 11 दोघांचाही 121 होतो आणि उजव्या बाजूचं ऋणपण पुसलं जातं. शंभर हे एकशे एकवीसपेक्षा लहान आहेतच. म्हणजे वर्ग करून तिने मूळ प्रश्न सोडवलाच नव्हता. तिने सोडवला होता |x - 4| < |2x + 1| हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तिने अगदी बरोबर काढलं होतं. दोन प्रश्न सारखे असतात ते 2x + 1 ऋण नसतो तिथेच, म्हणजे -0.5 पासून उजवीकडे.

खोटं टोक ओळखायची सोपी खूण आहे. टोकावर दोन्ही बाजू समान व्हायला हव्यात. 1 घाला, डावीकडे 3, उजवीकडे 3. खरं टोक. -5 घाला, डावीकडे 9, उजवीकडे -9. हे टोकच नाही, वर्गाने उभा केलेला बनावट मैलाचा दगड आहे.

मग मी म्हटलं, आता तुझा मंत्र वापरून बघ. लेस दॅन आहे, म्हणजे -(2x + 1) < x - 4 आणि x - 4 < 2x + 1. पहिलीतून 3 < 3x, म्हणजे x > 1. दुसरीतून x > -5. तेच दोन आकडे आले, पण या वेळी दोन्ही अटी उजवीकडे तोंड करून आहेत आणि मध्ये 'आणि' आहे. एक रंग -5 पासून उजवीकडे, दुसरा 1 पासून उजवीकडे. दोन्ही रंग चढलेत ते 1 च्या पुढेच.

```
<-------○-----------------------○=======>
       -5                       1
```

उजवीकडे x असला तरी मंत्र चालतो, त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. उजवी बाजू ऋण झाली, समजा -11, तर अट होते 11 < x - 4 < -11. अकराच्या वर आणि उणे अकराच्या खाली असा आकडा कोणी नाही, म्हणून असले x आपोआप गळतात. फ्रीजमध्ये ज्या कोऱ्या रेषेने घात केला असता, तीच इथे नको ते x गाळून टाकते.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुढचं गणित |x - 4| ≥ 2x + 1 आहे." मी पेन शोधायला लागलो तोवर तीच म्हणाली, "थांब, हे तर उरलेली रेषा. x ≤ 1. आणि गोल भरायचा, बरोबर?"

"भर," म्हटलं. "आणि -5 खोडून टाक."